जपानी इशाऱ्यात लाल रंग सर्वांत वरचा नसतो

जपानच्या टीव्हीवर किंवा फोनवर आपत्तीचा नकाशा झळकतो तेव्हा त्यातला लाल रंग हा शेवटचा इशारा नसतो. त्याच्या वर जांभळा असतो, आणि पावसापुराच्या इशाऱ्यांत जांभळ्याच्याही वर काळा. ८ डिसेंबर २०२५च्या रात्री आओमोरीजवळच्या समुद्रात ७.५ रिश्टरचा भूकंप झाला. तेव्हा होक्काइदो, आओमोरी आणि इवाते यांच्या किनाऱ्याचा मोठा भाग नकाशावर लाल झाला होता. तो लाल रंग ‘त्सुनामी येईल, किनारा सोडा’ असे सांगत होता. पण जांभळा त्या रात्री उमटला नव्हता, आणि हा फरक लहान नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाची नजर भारतीय हवामान विभागाच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल या चढत्या क्रमाला सरावलेली आहे. त्या क्रमात लाल म्हणजे टोक. तीच सवय घेऊन मुलगा किंवा सून टोकियोला नोकरीला गेली, तर रंग वाचताना चूक ठरलेली. जांभळा दिसला की तो लालच्या अलीकडचा वाटतो आणि काळा दिसला की नकाशात माहिती भरलेली नाही असे वाटते. म्हणून जपानी पडदा वाचताना आधी आकडा, मग रंग आणि शेवटी गावाचे नाव असा क्रम ठेवणे बरे.

भूकंपाच्या पडद्यावर दोन आकडे असतात. एक रिश्टरचा, म्हणजे भूकंपाच्या केंद्राशी मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा. आपल्या वर्तमानपत्रांत सहसा तेवढाच येतो. दुसरा 震度, उच्चार ‘शिन्दो’. त्या विशिष्ट ठिकाणची जमीन किती हलली, हे तो सांगतो. रिश्टरचा आकडा एका भूकंपाला एकच, शिन्दो मात्र गावागणिक वेगळा. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपाचे रिश्टर प्रमाण ७.६ होते. शिका गावात शिन्दो ७ नोंदला गेला, टोकियोत ३. टोकियोतल्या माणसाला घरी काय कळवायचे ते या ३वरून ठरते, ७.६वरून नव्हे. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप रिश्टरवर सहाच्या किंचित वर होता, पण तो उथळ होता आणि वर मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींची घरे होती. तेवढ्याच रिश्टरचा भूकंप जपानखाली खूप खोलवर झाला, तर वरच्या शहरात कपाटातली भांडी वाजण्यापलीकडे फारसे काही होत नाही.

शिन्दोची मोजणी ०पासून ७पर्यंत जाते. ८ नाहीच. १९९५च्या कोबे भूकंपानंतर, १९९६ साली, ५ आणि ६ या पायऱ्यांचे प्रत्येकी दोन भाग झाले, त्यामुळे एकूण पायऱ्या दहा. आकड्यापुढे 弱 असेल तर खालचा भाग, 強 असेल तर वरचा. ही दोन चिन्हे ओळखता आली तरी निम्मे काम होते. ४ला टांगलेल्या वस्तू जोरात झुलतात आणि माणूस दचकतो. 5弱ला काहीतरी धरावेसे वाटते, फडताळातून भांडी आणि पुस्तके पडू लागतात. 5強ला आधाराशिवाय चालणे कठीण होते. 6弱ला उभे राहणे अवघड जाते आणि दारे अडकू शकतात. 6強 आणि 7 म्हणजे रांगण्यापलीकडे हालचाल उरत नाही. आओमोरीच्या भूकंपात हाचिनोहे शहरात 6強 नोंदले गेले.

धक्का बसण्याआधी जो इशारा वाजतो तो 緊急地震速報. जमिनीतून आधी पोहोचणाऱ्या सौम्य लहरी यंत्रांनी टिपल्या की, मागून येणारा मोठा हादरा कुठे किती असेल याचा अंदाज संगणक बांधतो. कुठेतरी 5弱 किंवा त्याहून अधिक हादऱ्याची शक्यता दिसली की तो सर्वसामान्यांसाठी सोडला जातो, आणि ४ किंवा अधिक अपेक्षित असलेल्या भागांची नावे त्यात येतात. हाताशी काही सेकंद असतात. तेवढ्यात डोके झाकायचे, टेबलाखाली जायचे, धावत बाहेर पडायचे नाही, गॅस बंद करायला उठायचे नाही. केंद्राच्या अगदी जवळच्या गावात मात्र हा इशारा हादऱ्याबरोबर किंवा त्यानंतर पोहोचतो. यंत्र बिघडलेले नसते. दोन्ही लहरींमध्ये अंतर पडायला जागाच मिळालेली नसते.

हादरा थांबल्यावर पडद्यावर शोधायची ओळ त्सुनामीची. 津波の心配はありません असे असेल तर त्सुनामीची चिंता नाही. नकाशा रंगला असेल तर पिवळा म्हणजे 注意報: एक मीटरपर्यंतची लाट, पाण्यातून बाहेर या, किनाऱ्यापासून दूर व्हा. लाल म्हणजे 警報: तीन मीटरपर्यंत, उंचावर जा. जांभळा म्हणजे 大津波警報: तीन मीटरच्या वर.

नोतोच्या भूकंपात हा क्रम मिनिटामिनिटाने तपासता येतो. मुख्य धक्का दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी बसला. ४.१२ला त्सुनामीचा लाल इशारा निघाला. ४.२२ला नोतोच्या किनाऱ्यासाठी तो जांभळा झाला आणि अपेक्षित उंची पाच मीटर दिसू लागली. एनएचके वाहिनीवर निवेदिका ओरडून लोकांना पळायला सांगत होती आणि पडद्यावर मुलांनाही वाचता येईल अशा सोप्या लिपीत つなみ!にげて! असे मोठ्या अक्षरांत येत होते. पण सुझू शहराच्या किनाऱ्यावर पहिली लाट धक्क्यानंतर सुमारे मिनिटभरातच आली असावी, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. म्हणजे तिथे लाट पडद्याच्या आधी पोहोचली. पडद्याची ही मर्यादा कितीही चांगल्या यंत्रणेने पुसता येणार नाही. समुद्राजवळ असताना जोरदार किंवा रेंगाळणारा धक्का बसला, तर तोच इशारा मानून चढ चढायला लागावे आणि पडदा वर पोहोचल्यावर पाहावा.

त्सुनामीच्या पडद्यावर आणखी एक शब्द नीट ओळखला पाहिजे: 観測中, म्हणजे ‘मोजणी चालू आहे’. मोठा इशारा चालू असताना प्रत्यक्ष मोजलेली पहिली लाट लहान असेल, तर तिची उंची जाणूनबुजून दाखवली जात नाही, हा शब्द दाखवतात. यामागे ११ मार्च २०११च्या त्सुनामीचा अनुभव आहे. त्या दिवशी पहिला अंदाज खूप कमी निघाला, आणि लहान पहिल्या लाटांचे आकडे जाहीर झाल्यामुळे धोका कमी वाटण्याचा संभव होता. २०१३पासून पद्धत बदलली. प्रचंड भूकंपात सुरुवातीला मीटरऐवजी 巨大, म्हणजे ‘अवाढव्य’, एवढाच शब्द येऊ शकतो. आकडा नाही म्हणून धोका नाही, हा अर्थ त्यातून काढू नये.

पाऊस, पूर आणि दरडींसाठी जपानने मे २०१९पासून पाच पातळ्या ठेवल्या आहेत. दुसरी पिवळी: आपला जाण्याचा रस्ता आणि जागा तपासा. तिसरी लाल: वृद्ध, आजारी, लहान मुले असलेली कुटुंबे यांनी निघावे. चौथी जांभळी, शब्द 避難指示: धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी निघावे. पाचवी काळी, शब्द 緊急安全確保: आपत्ती सुरू झाली आहे किंवा उंबरठ्यावर आहे, आता बाहेर पडणेच घातक ठरू शकते, आहे तिथेच त्यातल्या त्यात सुरक्षित जागा धरा. म्हणून सरकारी तक्त्यात चार आणि पाच यांच्यामध्ये ‘चौथ्या पातळीपर्यंत निघा’ अशी ओळ आखलेली असते. पाचची वाट पाहणारा माणूस निघण्याची वेळ चुकवून बसतो. शिवाय पाच दर वेळी जाहीर होईलच याची हमी नसते.

इथे दोन अधिकारी आहेत, हे ध्यानात ठेवावे. पावसाचा इशारा हवामान संस्था देते, घर सोडण्याचा आदेश मात्र त्या शहराचा किंवा गावाचा प्रमुख देतो. नकाशावर जांभळा रंग येतो आणि आदेश अजून निघालेला नसतो, असे होऊ शकते. जपानी अधिकारीच सांगतात की अशा वेळी आदेशासाठी थांबू नये. इशाऱ्यांच्या नावांचा गोंधळही मोठा होता. म्हणून मे २०२६पासून नावातच レベル4 असा पातळीचा आकडा जोडण्याचे आणि चौथ्या पातळीला 危険警報 हे नवे नाव देण्याचे हवामान संस्थेने ठरवले. परक्या माणसासाठी ही गेल्या अनेक वर्षांतली सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, कारण चिन्हे वाचता आली नाहीत तरी ४ वाचता येतो.

आकडा कळला तरी ‘निघा’ म्हणजे कुठे, हे जागेवर ठरते. टोकियोच्या एदोगावा प्रभागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मराठी कुटुंबांपैकीच योगेंद्र पुराणिक २०१९ साली प्रभागाच्या सभेवर निवडून आले. या प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली प्रभागाने घरोघर दिलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर ここにいてはダメです, म्हणजे ‘इथे थांबू नका’, असे छापले होते. मोठा पूर आला तर पाणी एक-दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ ओसरणार नाही, म्हणून वरच्या मजल्यावर चढून बसणे हा तिथे पुरेसा उपाय नव्हे. प्रभागाबाहेर जावे लागते.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस चक्रीवादळ आले. सकाळी प्रभागाने शिन-नाकागावा नदीच्या पश्चिमेकडच्या भागाला घर सोडण्याचा सल्ला दिला. त्या दिवशी राजधानीतल्या बहुतेक रेल्वे आधी जाहीर करून टप्प्याटप्प्याने बंद होत होत्या. चौथ्या पातळीचा इशारा हातात येईपर्यंत प्रभागाबाहेर जाण्याचे मुख्य साधनच संपत चालले होते. म्हणून सखल भागातल्या घराने चक्रीवादळाच्या वेळी चौथ्या पातळीवर हलण्याचा बेत ठेवू नये. रेल्वे बंद होण्याची घोषणा हाच त्याच्यासाठी खरा आकडा. त्या वेळी वापरलेला ‘सल्ला’, म्हणजे 避難勧告, हा प्रकार २०२१मध्ये रद्द झाला, कारण सल्ला आणि आदेश यांतला फरक लोकांना कळत नव्हता.

अहिल्यानगरला या रचनेतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे संपूर्ण जिल्ह्याला एक रंग मिळतो. पण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्याचा घाट आणि जामखेडचे माळरान यांचा पाऊस एका रंगात बसत नाही. जपानी पडदा शहर-गावापर्यंत उतरतो आणि रंगासोबत कोणी काय करायचे तेही सांगतो. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतर पाथर्डी, शेवगावकडच्या गावांना अशा गावनिहाय इशाऱ्याची किती गरज आहे, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांची माणसे जपानमध्ये आहेत त्यांनी एक काम आजच करावे. जपानी हवामान संस्थेची माहिती मराठीत मिळत नाही, पण इंग्रजीबरोबर नेपाळीत मिळते आणि ती देवनागरीत असल्याने बरीचशी वाचता येते. तरीही टीव्हीवरच्या यादीत गावांची नावे जपानी चिन्हांत येतात. आपल्या माणसाच्या शहराचे किंवा प्रभागाचे नाव, उदाहरणार्थ 江戸川区, त्याच्याकडून मागून घेऊन फोनमध्ये जपून ठेवावे आणि इशाऱ्याच्या वेळी आधी तेच नाव शोधावे.