चौघांचं कुटुंब आणि विमानातल्या शेजारच्या जागा

स्वस्त विमान कंपनीच्या तिकिटाच्या दरात प्रवास असतो, पण ठरावीक खुर्ची नसते. खुर्ची आधी निवडून ठेवायची असेल तर तिचे पैसे वेगळे पडतात. आई, वडील आणि दोन मुलं अशा चौघांनी जाताना-येताना प्रत्येक जागा विकत घेतली, तर हा खर्च आठ वेळा होतो. मात्र चौघांना जवळ बसवण्यासाठी आठही वेळा पैसे मोजावे लागत नाहीत. कोणत्या जागा विकल्या जातात आणि कोणत्या उरतात हे कळलं, की निम्म्या खर्चात, कधीकधी अजिबात खर्च न करताही ते जमतं.

भारतात देशांतर्गत मार्गांवर सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या असतात. A आणि F खिडकीच्या, C आणि D वाटेलगतच्या, B आणि E मधल्या. पैसे देणारा प्रवासी खिडकी घेतो किंवा वाटेलगतची जागा घेतो. मधली खुर्ची मुद्दाम विकत घेणारे थोडेच. त्यामुळे जागा न निवडलेल्या प्रवाशाच्या वाट्याला बहुतेक वेळा मधलीच खुर्ची येते. एका ओळीत अशा खुर्च्या दोनच, त्याही वाटेच्या दोन बाजूंना. म्हणूनच पैसे न देणारं कुटुंब चार ठिकाणी विखुरतं.

ब्रिटनमध्ये २०१७ साली बीबीसीच्या एका ग्राहक कार्यक्रमाने याची चाचणी घेतली होती. चार-चार जणांचे चार गट रायनएअरच्या वेगवेगळ्या विमानांतून जागा न निवडता पाठवले, तेव्हा सगळ्यांना मधल्या खुर्च्या मिळाल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञ जेनिफर रॉजर्स यांनी हिशेब केला, तर निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता सुमारे ५४ कोटींत एक निघाली. खिडकीच्या आणि वाटेलगतच्या जागा प्रवासी आधीच विकत घेतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण कोणतंही असो, फुकटात मिळणारी जागा म्हणजे मधली जागा, हे धरूनच कुटुंबाने आखणी करावी.

भारतात मुलांच्या बाबतीत नियमाचा आधार आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना आदेश दिला, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकासोबत जागा द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. हा नियम नीट वाचायला हवा. तो मूल आणि एक पालक अशी जोडी राखतो, चौघांना एकत्र बसवण्याचं बंधन घालत नाही. आई आणि मुलगी आठव्या ओळीत, वडील आणि मुलगा सव्विसाव्या ओळीत, अशी मांडणी झाली तरी नियम पाळला जातो. चौदा वर्षांच्या मुलाला तर तो लागूच होत नाही.

या नियमाचा लाभ तिकीट काढतानाच हातचा जाऊ शकतो, आणि तोही दोन प्रकारे. पहिला प्रकार पीएनआरचा. समजा सर्वांत कमी दराची दोनच तिकिटं शिल्लक आहेत. चौघांचं तिकीट एकदम मागितलं, तर संगणक चौघांनाही वरचा दर लावतो. म्हणून काही जण दोन-दोनची वेगळी तिकिटं काढतात. थोडे पैसे वाचतात, पण पीएनआर दोन होतात आणि चौघं एकाच घरातले आहेत हे कंपनीच्या यंत्रणेला कळत नाही. अशी विभागणी करायचीच असेल, तर प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस आणि एक मूल ठेवावं. दोन्ही मुलं एका तिकिटावर आणि आई-वडील दुसऱ्यावर, असं कधीच करू नये.

दुसरा प्रकार वयाचा. दोन वर्षांवरील मुलाचं भाडं अनेकदा मोठ्यांइतकंच असतं. त्यामुळे घाईत चार प्रौढ प्रवासी म्हणून नोंद केली जाते. मग यंत्रणेच्या लेखी त्या तिकिटावर मूलच नसतं. मुलाची नोंद मूल म्हणूनच करावी आणि जन्मतारीख अचूक भरावी.

आता प्रत्यक्ष जागांकडे वळू. पुणे–दिल्ली प्रवासाला निघालेलं एक कुटुंब घेऊ. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. समजा मागच्या ओळींत वाटेलगतच्या जागेचा दर ३०० रुपये आणि मधल्या जागेचा २०० रुपये आहे. चौविसाव्या ओळीतल्या 24B, 24C, 24D आणि 24E या चार जागा सलग येतात, मध्ये फक्त चालण्याची वाट. चारही विकत घेतल्या तर एका फेरीचे १००० रुपये होतात. त्याऐवजी आई-वडिलांसाठी 24C आणि 24D एवढ्याच घेतल्या तर ६०० रुपये लागतात. त्यांच्या शेजारच्या B आणि E या मधल्या जागा, म्हणजे फारसं कुणी विकत न घेणाऱ्या. शिवाय मुलांना पालकाशेजारी बसवण्याचं बंधन कंपनीवर असतं, आणि पालकांच्या जागा आता पक्क्या झालेल्या असतात. जाऊन-येऊन ८०० रुपये वाचतात. रायनएअरने तर हीच पद्धत धोरण म्हणून स्वीकारली आहे. १२ वर्षांखालील मुलांसोबतच्या एका प्रौढाने जागा विकत घ्यायची आणि मुलांना शेजारच्या जागा मोफत मिळतात.

यात वेळ महत्त्वाची. देशांतर्गत उड्डाणाचं वेब चेक-इन इंडिगोसारख्या कंपन्यांत ४८ तास आधी खुलं होतं. ते खुलं होताच जागांचा नकाशा पाहून B आणि E पक्क्या कराव्यात. एकटा प्रवासी शेवटपर्यंत थांबला तर न विकलेली खिडकी त्याला फुकटात मिळूही शकते. कुटुंबाला मात्र चांगल्या जागेपेक्षा लागून असलेल्या जागा हव्या असतात, आणि त्या आधी संपतात.

अजिबात पैसे द्यायचे नसतील, तर तिकीट काढताना जागेचं पान निवड न करता पुढे ढकलावं. जागा निवडणं ऐच्छिक आहे. मग वेब चेक-इनला आपोआप मिळालेल्या जागा तपासाव्यात. मूल पालकापासून दूर पडलेलं दिसलं, तर पैसे भरून जागा बदलण्याची घाई न करता आधी कंपनीला फोन करावा किंवा विमानतळावर काउंटरवर जाऊन डीजीसीएच्या नियमाचा उल्लेख करावा. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. मात्र उड्डाणाच्या दोन तास आधी पोचलेल्यासाठी जेवढी हलवाहलव शक्य असते, तेवढी काउंटर बंद होताना उरत नाही.

काही मर्यादा कायम राहतात. आपत्कालीन दरवाजांच्या ओळींत मुलांना बसवत नाहीत, त्यामुळे तिथली जागा पालकाने घेतली तर मूल शेजारी येऊच शकत नाही. कोल्हापूरसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर विमानांत दोन्ही बाजूंना दोन-दोनच खुर्च्या असतात. तिथे मधली जागाच नसल्याने वरची युक्ती चालत नाही, पण एक अख्खी ओळ चौघांना पुरते. आयत्या वेळी विमान बदललं तर विकत घेतलेल्या जागाही बदलू शकतात. तेव्हा भरलेल्या पैशांची पावती दाखवून तशीच जागा किंवा परतावा मागावा. विमानात शिरल्यावर अदलाबदल करायची असेल, तर समोरच्याला निदान त्याच्याएवढी चांगली जागा द्यावी, खिडकीच्या बदल्यात मधली नव्हे. आणि रिकामी खुर्ची दिसली तरी आधी कर्मचाऱ्यांना विचारावं, कारण कमी प्रवासी असलेल्या विमानात वजनाचा तोल साधण्यासाठी काही ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असू शकतात.