मेल दिसतो कुठे आणि राहतो कुठे

ब्राउझरमध्ये मेल पाहिला काय, फोनच्या ॲपमध्ये पाहिला काय किंवा कॉम्प्युटरवरच्या आउटलुक, थंडरबर्डमध्ये पाहिला काय, यादी सारखीच दिसते. खरा फरक आहे तो मूळ प्रत कुठे राहते यात.

ब्राउझरमध्ये मेल कंपनीच्या सर्व्हरवरच असतो. कॉम्प्युटर बिघडला तरी काही जात नाही. फोनचं ॲपही सर्व्हरवरचाच मेल दाखवतं, फक्त अलीकडचे मेल फोनमध्ये उतरवून ठेवतं. म्हणून रेंज नसताना कालचा मेल उघडतो, पण तीन वर्षांपूर्वीचा शोधायला नेट लागतं.

डेस्कटॉप प्रोग्रॅमचं मात्र तसं नाही, कारण त्याला मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवर राहतो आणि कॉम्प्युटरवर त्याची नक्कल येते. पॉप ही जुनी पद्धत. ती इनबॉक्समधले मेल कॉम्प्युटरवर उतरवते आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकते.

समजा, एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं पॉप चालू आहे. मालक बाहेरगावी फोनवर मागच्या महिन्याची ऑर्डर शोधतात, ती मिळत नाही. ऑफिसातून पाठवलेलं कोटेशनही दिसत नाही, कारण पॉप फक्त मेल आणतं; पाठवलेल्याची प्रत त्या कॉम्प्युटरवरच राहते. मेल हरवलेला नसतो, पण तो एकाच हार्ड डिस्कवर असतो. ती डिस्क गेली की सगळंच गेलं.

तुमच्याकडे असं आहे का, हे ओळखणं सोपं आहे. प्रोग्रॅममध्ये दिसणारा एखादा जुना मेल ब्राउझरमध्ये शोधा. तिथे नसेल, तर खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये पाहा. POP किंवा 995 हा पोर्ट दिसला, तर कारण बहुधा तेच. आयमॅपचा नेहमीचा पोर्ट 993.

अशा वेळी जुनं खातं घाईने काढू नका. त्याच्याबरोबर मेलही जाऊ शकतात. आधी मेलच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. मग तोच पत्ता आयमॅप म्हणून दुसऱ्यांदा जोडा आणि जुन्या फोल्डरमधले मेल थोडे थोडे करून नव्या खात्यात कॉपी करा. ते सर्व्हरवर चढतात. मात्र तिथे तेवढी जागा हवी. जीमेलच्या मोफत खात्यात ड्राइव्ह आणि फोटोंसह एकूण 15 जीबी मिळतात.

आयमॅप म्हणजे बॅकअप, असा समज मात्र मला धोक्याचा वाटतो. फोनवर एक मेल डिलीट केला की तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही जातो. जीमेलच्या ट्रॅशमध्ये तो 30 दिवस राहतो, नंतर कायमचा पुसला जातो. करार, बिलं असे मेल थंडरबर्डच्या Local Folders मध्ये कॉपी करून ठेवले, तर सर्व्हरवर काहीही पुसलं तरी त्यांना धक्का लागत नाही.