बालवाडीच्या दारातील निरोप

उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारपेठांत हेच दिवस बी-बियाण्यांच्या हंगामाचे व दुकानावरील गर्दीचे. साहजिकच तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत सोडण्याचे काम ज्याला सवड असेल त्याच्याकडे जाते: आज वडील, उद्या काका, परवा दुकानातील माणूस. दारात मूल रडू लागले की बाई त्याला खेळणे दाखवितात आणि सोडणारा हळूच निघून जातो. प्रवेशाच्या वेळी पालकांच्या हाती पडणाऱ्या पत्रात गणवेश, डबा व शुल्क यांचा तपशील असतो. या निरोपाविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. ती असावयास हवी.

मुलाची नजर चुकवून निघून जाणे हीच या प्रसंगातील मोठी चूक होय. त्या दिवशी रडणे टळते, परंतु आई सांगितल्यावाचून नाहीशी होऊ शकते, हे मुलाच्या मनात पक्के बसते. मग ते घरीही पदर सोडीत नाही, आई स्वयंपाकघरात गेली तरी कासावीस होते.

जर्मनीत 1980 च्या दशकात लहान मुलांना पाळणाघरात रुळविण्याची एक पद्धत तयार झाली. ती 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा घरातील एकच व्यक्ती मुलासोबत तासभर वर्गात बसते व मुलाला घेऊनच परतते. या तीन दिवसांत ताटातुटीचा प्रयत्नच करावयाचा नाही. आईने कोपऱ्यात शांत बसावे. मूल दूर गेले तर जाऊ द्यावे, जवळ आले तर घ्यावे. चौथ्या दिवशी आई स्पष्ट निरोप घेऊन बाहेर जाते, पण दाराजवळच थांबते. मूल बाईंच्या समजावण्याने शांत झाले, तर हा वियोग फार तर अर्धा तास चालतो. ते अनावर रडत राहिले, तर दोन-तीन मिनिटांतच आईला आत बोलावतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवस लांबवितात. हा चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत, कारण सुट्टीत मूल पुन्हा घराशी जुळलेले असते.

समजा, वरोऱ्यातील एका घरातील मुलगी बुधवारी बालवाडीत जाऊ लागली. बुधवार, गुरुवार व शुक्रवार आजी सोबत बसली. शनिवार-रविवार सुट्टी धरली, तर चौथा दिवस सोमवारी येतो. म्हणून पहिला निरोप मंगळवारी घ्यावा. तो कसा घ्यावा, हेही पत्रात लिहावे. तीन वर्षांच्या मुलीला 'बारा वाजता येते' यातून काही कळत नाही. 'डबा खाऊन झाला की मी येते' हे कळते. एकदा सांगावे, जवळ घ्यावे आणि जावे. रडणे ऐकून दारातून दोनदा परत फिरल्यास, मोठ्याने रडले की आजी येते, असा अर्थ मूल लावते. पेढ्या-चॉकलेटच्या आमिषाचा हिशेबही असाच वाढत जातो. पहिले दोन आठवडे सोडणारी व्यक्ती शक्यतो बदलू नये. आईच्या डोळ्यांतील पाणी थांबत नसेल, तर हे काम आजीने किंवा वडिलांनी करणे बरे.

किती रडले यावरून रुळण्याचे माप काढू नये; किती वेळात शांत झाले, डबा खाल्ला का, खेळले का, हे बाईंना विचारावे. दारात रडून थोड्याच वेळात मातीत हात घालणारे मूल ठीक आहे. उलट दोन-तीन आठवड्यांनंतरही जे काही खात नाही, कुणाशी बोलत नाही, दाराकडेच पाहत बसते, त्याची वेळ कमी करून मागच्या पायरीवर यावे. काही मुले पहिला आठवडा हसत जातात आणि नवलाई ओसरल्यावर दुसऱ्या आठवड्यात रडतात. तेही स्वाभाविक आहे.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. घरात मारवाडी किंवा गुजराती, बाई मराठी बोलणार; गडचिरोलीच्या आतल्या गावांत अनेक मुलांची घरची बोली गोंडी किंवा माडिया. तहान, भूक, लघवी यांसाठी मुलाचे शब्द कोणते, हे पालकांनी बाईंना लिहून द्यावे. कित्येकदा रडण्याचे कारण वियोग नसून न सांगता आलेली शू असते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे व पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ओळखीच्या जागेचे मोल त्यांनी जाणले होते.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो, इतरत्र ताप-सर्दीने खंड पडतो. आठवडाभर घरी राहिलेले मूल पुन्हा रडेल, हे गृहीत धरून एखादा दिवस सोबत बसावे. आणि घ्यायला येताना ठरल्या वेळेपेक्षा पाच मिनिटे आधीच पोहोचावे. इतर मुले निघून गेलेल्या रिकाम्या वर्गात वाट पाहणे लहान मुलाला फार जड जाते.