ड्रायरला वेळ जास्त लागतोय? आधी पाइप तपासा

पावसाळ्यात गोव्यातल्या लॉन्ड्री आणि होमस्टेमध्ये ड्रायर दिवसभर सुरू असतो. कपड्यांतून सुटणारे कापसासारखे तंतू, म्हणजेच लिंट, जाळीत अडकतात. जे निसटतात ते गरम हवा बाहेर नेणाऱ्या पाइपात साचतात. वाट तुंबली की उष्णता आतच कोंडते आणि हीटरजवळचं लिंट पेट घेऊ शकतं.

४५ मिनिटांत वाळणाऱ्या चादरींना दीड तास लागतोय, मशीन जास्त तापतंय, बाहेरची झडप नीट उघडत नाही, तर पाइप तुंबला असं समजा.

जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करा. घरच्या ड्रायरचा पाइप वर्षातून एकदा तरी, प्लग काढून, ब्रशने साफ करावा. दिवसभर चालणाऱ्या मशीनचा त्याहून लवकर. प्लास्टिकचा पाइप असेल तर धातूचा बसवा.