दिलेली अनामत, घेतलेली अनामत

पुण्यातल्या एका झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. मालकाचा नारायण पेठेत स्वतःचा छोटा गाळा होता. जागा पुरेना, म्हणून एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून त्यांनी कर्वे रस्त्यावर मोठं दुकान भाड्याने घेतलं. भाडं महिना ४०,००० रुपये आणि डिपॉझिट ३,००,००० रुपये. जुना गाळा त्यांनी एका शिंप्याला तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला. त्याचं भाडं महिना १८,००० आणि डिपॉझिट १,५०,०००. शिंप्याकडून आलेले दीड लाख आणि पदरचे दीड लाख असे मिळून तीन लाखांचा चेक नव्या घरमालकाला गेला. एकच माणूस एका हाताने भाडेकरू आणि दुसऱ्या हाताने घरमालक झाला. वह्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो अशाच वेळी.

पहिला घोळ भाड्याच्या खात्याचा. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं बहुतेक वेळा एकाच दिवशी दिलं जातं, कधी तर एकाच चेकने. हिशेब लिहिणारा ३,४०,००० ची नोंद सरळ दुकानभाड्याच्या नावे टाकतो. तिकडे शिंप्याकडून आलेले १,६८,००० भाड्याच्या उत्पन्नात जमा होतात. आता वर्षाचा नफा काढा. खर्च तीन लाखांनी फुगलेला, उत्पन्न दीड लाखाने फुगलेलं, म्हणजे नफा खऱ्यापेक्षा दीड लाखाने कमी. ज्या वर्षी जागा सोडली जाईल त्या वर्षी याच्या उलट चित्र दिसेल. धंदा दोन्ही वर्षी सारखाच चाललेला असतो, पण कागद सांगतात की एक वर्ष वाईट गेलं आणि एक फार चांगलं.

ही चूक शोधायला मोठ्या तपासणीची गरज नाही. मार्चअखेर भाड्याचं खातं उघडायचं आणि महिन्याच्या भाड्याला बाराने गुणायचं. चाळीस हजारांचे बारा महिने म्हणजे ४,८०,०००. खात्यात ७,८०,००० दिसले, तर जादाचे तीन लाख कुठून आले ते लगेच कळतं. उत्पन्नाच्या बाजूला २,१६,००० असायला हवेत. तिथे ३,६६,००० असतील, तर दीड लाख परत करायची रक्कम आपण कमाई समजून बसलो आहोत.

मग बरोबर नोंद कशी? घरमालकाला दिलेले तीन लाख हा खर्च नाही, ते आपलं येणं आहे. पैसा आपलाच, फक्त त्यांच्याकडे ठेवलेला. म्हणून 'दुकान डिपॉझिट, कर्वे रस्ता' असं खातं काढून त्याच्या नावे तीन लाख लिहायचे आणि बँक जमा करायची. शिंप्याकडून आलेले दीड लाख हे देणं आहे. तिथे बँक नावे आणि 'भाडेकरू डिपॉझिट, नारायण पेठ' या खात्यात जमा. पहिलं खातं ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला बसतं, दुसरं देण्यांच्या बाजूला. नफा-तोटा पत्रकाला या दोन्ही रकमा शिवतही नाहीत. टॅलीत काम करणाऱ्यांसाठी सांगायचं तर दिलेल्या डिपॉझिटचं लेजर `Deposits (Asset)` या ग्रुपखाली जातं. घेतलेल्या डिपॉझिटसाठी असा तयार ग्रुप नाही, तेव्हा ते `Current Liabilities` खाली वेगळा उपग्रुप करून ठेवावं.

इथे एक मोह होतो. तीन लाख दिले, दीड लाख घेतले, मग ताळेबंदात 'डिपॉझिट, निव्वळ १,५०,०००' असं का दाखवू नये? नाही दाखवायचं, कारण समोरची माणसं वेगळी आहेत. कर्वे रस्त्याच्या घरमालकाने पैसे अडकवून ठेवले, म्हणून शिंप्याचे दीड लाख देणं लागत नाही असं होत नाही. त्याला ते करारात ठरल्याप्रमाणे जागा सोडताना मिळायलाच हवेत. वजाबाकी करून टाकली, की हे देणं कागदावरून नाहीसं होतं. आपल्या उदाहरणात तर शिंप्याचे पैसे बँकेत नाहीतच, ते पुढे घरमालकाकडे गेले आहेत. शिंप्याने उद्या नोटीस दिली, तर दीड लाख उभे करायला लागतील आणि कर्वे रस्त्याचे तीन लाख तेव्हा सुटलेले नसतील. हा ताण दोन्ही आकडे समोरासमोर पूर्ण लिहिले तरच दिसतो. ज्याला जमेल त्याने घेतलेलं डिपॉझिट वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावं. त्या ठेवीवरचं व्याज मात्र आपलं खरंखुरं उत्पन्न आहे आणि त्यावर कर लागतो.

आणखी एक सवय छोट्या व्यवसायांत वारंवार दिसते. भाड्याने दिलेली जागा मालकाची घरगुती असते, पण डिपॉझिट येतं धंद्याच्या बँक खात्यात. मग ते 'मालकाचं भांडवल' म्हणून जमा होतं. बँकेला कर्जासाठी ताळेबंद दिला, की भांडवल भक्कम दिसतं. त्यातले काही पैसे भाडेकरूचे आहेत हे कुठेच लिहिलेलं नसतं. जागा घरगुती असली, तरी ती रक्कम धंद्यात वापरली जात असेल तोवर तिच्यावर भाडेकरूचं नाव राहायला हवं, निदान मालकाच्या स्वतःच्या ताळेबंदात तरी.

पैसे घेताना आणि परत करताना व्यवहार बँकेतूनच करावा. कर्ज किंवा ठेव म्हणून २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आणि रोखीने फेडायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. शिवाय तीन वर्षांनी वाद झाला, तर बँकेच्या उताऱ्यावरची ओळ कामाला येते. जीएसटीच्या दृष्टीनेही परत करायचं डिपॉझिट हा मोबदला नाही. घरमालकाने त्यातून भाडं वळतं करून घेतलं, तेव्हा तेवढ्या रकमेपुरता तो मोबदला होतो.

डिपॉझिट खर्च नसलं, तरी त्याच्यामुळे एक खरा खर्च वाढतो, तो म्हणजे मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के शुल्क लागतं. ते काढताना एकूण भाड्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याजही मिळवलं जातं. कर्वे रस्त्याचा करार तीन वर्षांचा आणि भाडं तेवढंच धरलं, तर भाड्याचे १४,४०,००० आणि व्याजाचे ९०,००० मिळून १५,३०,००० होतात. त्यावर शुल्क ३,८२५ रुपये. हे ज्याने भरले, त्याच्या वहीत ते सरळ खर्चाला जातात. डिपॉझिटच्या खात्यात त्यांची भर घालायची नाही.

सरकार व्याज धरतं ते बरोबरच आहे, कारण बिनव्याजी तीन लाख तीन वर्षं दुसऱ्याकडे पडून राहणं फुकट नसतं. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि २५० कोटींहून अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना म्हणूनच वेगळा नियम आहे. त्यांना इंड-एएस मानकांप्रमाणे दिलेलं डिपॉझिट आजच्या किमतीला लिहावं लागतं. दहा टक्के दराने तीन वर्षांनंतरच्या तीन लाखांची आजची किंमत सुमारे २,२५,४०० येते. उरलेले सुमारे ७४,६०० हे आगाऊ दिलेल्या भाड्यासारखे मानून तीन वर्षांत खर्ची पडतात, आणि डिपॉझिटवर दरवर्षी व्याज धरत ते पुन्हा तीन लाखांवर आणलं जातं. आपल्या झेरॉक्सवाल्यांना याची गरज नाही. त्यांच्या ताळेबंदात पूर्ण तीन लाखच दिसतील.

खरी परीक्षा जागा सोडायच्या दिवशी होते. समजा शिंप्याने तीन वर्षांनी गाळा रिकामा केला. शेवटच्या महिन्याचं भाडं १८,००० राहिलं, विजेचं बिल ३,२०० राहिलं आणि वाकलेल्या शटरच्या दुरुस्तीला ९,००० लागले. बिल आणि दुरुस्तीचे पैसे मालकाने भरले. एकूण ३०,२०० कापून शिंप्याला १,१९,८०० परत गेले. आता डिपॉझिटच्या खात्यात एकच मोठी नोंद करून उरलेले ३०,२०० 'इतर उत्पन्न' म्हणून टाकले जातात. हे चूक आहे, कारण कापलेल्या प्रत्येक रुपयाचं कारण वेगळं आहे.

भाड्याचे १८,००० त्या महिन्यातच उत्पन्नात धरून शिंप्याच्या नावे येणं लिहिलेलं असेल, तर आता फक्त ते येणं फिटलं. पुन्हा उत्पन्न धरलं, तर एकाच भाड्यावर दोनदा कर भरावा लागेल. विजेचे ३,२०० वीज खर्चाच्या खात्यात जमा होतील, कारण तो खर्च मुळात शिंप्याचा होता. शटरचे ९,००० दुरुस्ती खर्चातून वजा होतील. दुरुस्तीला प्रत्यक्षात ७,५०० लागले असते आणि कापले ९,००० असते, तर वरचे १,५०० तेवढे मालकाचं उत्पन्न ठरलं असतं. अशा रितीने डिपॉझिटच्या नावे १,५०,००० आणि समोर भाडं-येणं, वीज, दुरुस्ती, बँक अशा चार जमा झाल्या, की खातं शून्यावर येतं. शून्यावर आलं नाही, तर कुठला तरी रुपया अजून बेवारस आहे.

दुसऱ्या टोकाला कर्वे रस्त्याच्या मालकाने रंग आणि फरशीपोटी २५,००० कापून २,७५,००० दिले, आणि दुकानदाराला ते पटलं, तर बँक २,७५,००० ने आणि दुरुस्ती खर्च २५,००० ने नावे पडेल. पटलं नसेल, पत्रव्यवहार चालू असेल, तर ते २५,००० घरमालकाकडून येणं म्हणून वहीत राहतील. मात्र मालक वर्षभर दाद देत नसेल आणि वसुलीची आशा उरली नसेल, तर ताळेबंदात तेवढी तरतूद करावी. इथे आयकराची एक अडचण लक्षात ठेवावी. डिपॉझिट कधी उत्पन्नात धरलेलं नसतं, त्यामुळे बुडीत उधारीसारखी त्याची वजावट सरळ मागता येत नाही. म्हणून मोठी रक्कम बुडत असेल, तर तो आकडा खर्चात टाकण्याआधी सीएशी बोलावं.

दरवर्षी ३१ मार्चला दोन्हीकडून शिल्लक रकमेची सही घ्यावी: घरमालकाकडून तीन लाखांची, भाडेकरूकडून दीड लाखाची. साधी चिठ्ठी किंवा मेसेजचं उत्तर चालतं. मधल्या काळात कर्वे रस्त्याचं दुकान विकलं गेलं, तर तुमचं डिपॉझिट जुन्या मालकाने नव्याकडे सोपवलं का, हे तिघांच्या सहीच्या पत्रात लिहून घ्यावं आणि त्याच दिवशी वहीतल्या खात्याला नव्या मालकाचं नाव द्यावं.