तेलाचा डबा पंधरा लिटरचा की पंधरा किलोचा?

वसतिगृहाची मेस, शाळेचं स्वयंपाकघर, कंपनीचं कँटीन किंवा सोसायटीतला सामुदायिक किराणा, दरमहा जिथे चार व्यापाऱ्यांकडून भाव मागवले जातात तिथे एक प्रसंग ठरलेला असतो. चौघांचे भाव येतात आणि टेबलावर मांडल्यावर कोण स्वस्त ते कळत नाही. एकाने लेटरहेडवर हाताने लिहून दिलेलं असतं, दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो टाकलेला असतो, तिसऱ्याची सहा पानी छापील यादी असते आणि चौथा म्हणतो, ‘साहेब, तुम्ही फक्त माल सांगा, भावाचं बघून घेऊ.’ मग कारकून दुपारभर आकडे उतरवत बसतो, आणि कंटाळा आला की ऑर्डर नेहमीच्याच दुकानात जाते.

भाव लपवावा असा हेतू बहुतेकांचा नसतो. प्रत्येकाची लिहिण्याची पद्धत त्याच्या धंद्यातून आलेली असते. घाऊक बाजारातला क्विंटलवर बोलतो, डाळमिलवाला गोणीवर, किरकोळ दुकानदार किलोवर आणि कंपनीचा वितरक खोक्यावर. एकाच्या भावात जीएसटी धरलेला असतो, दुसऱ्याच्या भावापुढे ‘+’ एवढंच चिन्ह असतं. एकाचा भाव त्याच्या गोडाऊनचा, तर दुसऱ्याचा तुमच्या दारापर्यंतचा.

सोयाबीन तेलाचंच बघा. समजण्यापुरते काही आकडे घेऊ. पहिला व्यापारी लिहितो, ‘डबा 2,050 + जीएसटी, पोच.’ दुसरा लिहितो, ‘डबा 1,980 + जीएसटी, पोच.’ तिसरा लिहितो, ‘1 लिटर पाऊच, 12 चा खोका 1,596 करासह, भाडं वेगळं.’ वरवर पाहिलं तर दुसऱ्याचा डबा सत्तर रुपयांनी स्वस्त आहे. फोन करून विचारल्यावर उलगडतं की पहिल्याचा डबा 15 किलोचा आहे आणि दुसऱ्याचा 15 लिटरचा. तेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर सोयाबीन तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात जेमतेम 13.65 किलो तेल. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही, कढईत मात्र तो उतरतो.

आता तिघांचा एका किलोचा पडता भाव काढू. तेलावर जीएसटी 5 टक्के. पहिल्याचा डबा करासह 2,152.50, त्याला 15 ने भागलं की किलोला 143.50. दुसऱ्याचा करासह 2,079, भागिले 13.65, म्हणजे 152.31. तिसऱ्याचा खोका करासह 1,596, करावेगळा 1,520. भाडं 40 रुपये, तेही त्याच्याच बिलात येणार असल्याने त्याच्यावरही कर लागतो. सगळं मिळून 1,638 रुपये आणि तेल 10.92 किलो, म्हणजे किलोला बरोबर 150. सगळ्यात स्वस्त दिसणारा डबा सगळ्यात महाग निघाला. महिन्याला 300 किलो तेल लागणाऱ्या मेसला हा फरक सव्वीसशे रुपयांवर जातो.

लिटरचा हिशोब आणखी एका कारणाने निसरडा आहे. तेल तापलं की फुगतं. 21 अंश तापमानाला लिटरभर सोयाबीन तेल 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना साधारण 893. काही कंपन्या पाकिटावर जास्त तापमान छापून लिटर भरून दाखवत. म्हणून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून वजनही स्पष्ट छापायला सांगितलं. भाव मागवतानाही तोच धडा घ्यावा आणि तेल वजनावरच मागावं.

चारही दरपत्रकांना हे फोन करत बसायचं नसेल, तर पुरवठादाराला आधीच कोरा तक्ता पाठवायचा आणि तोच भरून मागायचा. तक्ता आपला, ओळींचा क्रम आपला, मालाची नावं आपण लिहिलेली. त्याने फक्त रिकामे रकाने भरायचे. सोबतचं पत्र लांबलचक नको. साधारण असं:

‘स. न. वि. वि. आमच्या मेससाठी पुढील महिन्याचा किराणा घ्यावयाचा आहे. सोबत 40 वस्तूंचा तक्ता व प्रत्येकीची अंदाजे मासिक गरज दिली आहे. कृपया आपले दर याच तक्त्यात भरून 25 तारखेपर्यंत पाठवावेत. वस्तूंचा क्रम व रकाने बदलू नयेत. दराच्या रकान्यात फक्त आकडा लिहावा, कर न धरता. जी वस्तू आपल्याकडे नाही तिची ओळ कोरी सोडावी. दुसऱ्या पॅकिंगचा किंवा दुसऱ्या ब्रँडचा दर द्यायचा असल्यास तक्त्याखाली नवीन ओळ जोडावी. बिलाचे पैसे माल मिळाल्यापासून 15 दिवसांत दिले जातील. रोखीने सूट देत असाल तर शेवटी एकदाच टक्क्यांत लिहावी. कळावे.’

तक्त्यात नऊ रकाने पुरतात. A वस्तू क्रमांक, B वस्तू आणि प्रत, C ब्रँड, D एका पॅकमधलं निव्वळ वजन, E एकक, F एका पॅकचा करावेगळा दर, G जीएसटी टक्के, H एका पॅकमागे बिलात लागणारं भाडं-हमाली, आणि I दर कोणत्या तारखेपर्यंत टिकेल. वजन आणि एकक वेगळ्या रकान्यांत ठेवण्याला कारण आहे. ‘30 किलो गोणी’ असं एकाच घरात लिहिलं की संगणकाला तो आकडा राहत नाही, शब्द होतो. ‘2150/-’ लिहिलं तरी तेच. मग सूत्र लावलं की उत्तराच्या जागी `#VALUE!` येतं. आकडे नीट आले की किलोचा पडता भाव एका ओळीत निघतो:

```
=(F2+H2)*(1+G2/100)/D2
```

तेलाचा माल लिटरमध्ये आला असेल तर D2 च्या जागी D2*0.91 घ्यायचं. हे सूत्र खरेदीची जीएसटी वजावट न मिळणाऱ्यांसाठी आहे. मेस, शाळा, सोसायटी साधारण याच गटात येतात, त्यांच्या खिशातून कर कायमचा जातो. भरलेल्या कराची वजावट मिळणाऱ्या दुकानदाराने करावेगळ्या दराचीच तुलना करावी, म्हणजे सूत्रातला मधला कंस गाळावा. एकाच तक्त्यातून दोघांना वेगवेगळा पुरवठादार स्वस्त वाटू शकतो, आणि दोघेही बरोबर असतात.

डाळ-तांदळात कराचा रकाना विशेष बोलका ठरतो. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातल्या डाळी आणि तांदळावर 5 टक्के जीएसटी आला, त्याहून मोठ्या पॅकला तो नाही. बाजारात 26 आणि 30 किलोच्या गोण्या दिसू लागल्या त्या याच कारणाने. त्यामुळे एकाच मिलच्या तूरडाळीचा 5 किलोचा पॅक आणि 30 किलोची गोणी यांच्या भावात निव्वळ करामुळे पाच टक्क्यांचं अंतर पडू शकतं. G रकाना नसेल तर हे अंतर व्यापाऱ्याच्या खात्यावर टाकलं जातं. गोणीच्या बाबतीत D मध्ये निव्वळ वजनच मागायचं. बारदानासकट वजन लिहायची सवय असलेले अजून आहेत.

रकान्यांपेक्षा जास्त घोळ B मध्ये, म्हणजे मालाच्या वर्णनात होतो. नुसतं ‘साखर’ लिहिलं तर एक जण एस-30 चा भाव देईल आणि दुसरा दाणा मोठा असलेल्या एम-30 चा. ‘तूरडाळ’ म्हटलं तर एकाची फटका असेल, दुसऱ्याची हलकी प्रत. ‘शेंगदाणे’ हा शब्द तर लिहूच नये, दाण्याचा आकार लिहावा. वर्णन कसं करायचं हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आधी एका जाणत्या व्यापाऱ्याकडे बसून मागच्या सहा महिन्यांच्या बिलांवरून यादी करावी. बिलावर प्रत बहुतेकदा लिहिलेली असते, आपणच वाचत नाही.

पहिल्या खेपेला तक्ते ठरल्याप्रमाणे येत नाहीत हे गृहीत धरा. कुणी मधेच ‘स्पेशल रेट’ नावाचा रकाना घुसडतो, कुणी नसलेल्या मालापुढे शून्य लिहितो, आणि भाव चढत्या क्रमाने लावले की तो शून्यवाला सगळ्यात स्वस्त म्हणून वर येऊन बसतो. म्हणून कोरं आणि शून्य यांतला फरक पत्रात एकदा लिहून भागत नाही, फोनवरही सांगावा लागतो. G रकान्यात मात्र शून्य चालतं, कारण कंपोझिशन योजनेतला छोटा दुकानदार बिलात वेगळा कर लावूच शकत नाही. तक्ता आल्यावर पडत्या भावावर एकदा नजर फिरवली की चुका आपोआप डोळ्यांत भरतात. तिघांची हळद दीडशेच्या आसपास आणि चौथ्याची पंधरा असेल, तर त्याने दहा किलोच्या पॅकचं वजन लिहून किलोचा भाव लिहिलाय हे उघड आहे.

संगणक नसलेल्या व्यापाऱ्याला वगळण्याचं कारण नाही. तोच तक्ता कागदावर छापून द्यावा, पेनने भरून घ्यावा. काहींना तेही नको असतं. त्यांना फोन लावून ओळीने विचारायचं आणि समोर भरायचं, मग भरलेल्या पानाचा फोटो त्यांनाच पाठवून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून होकार लेखी घ्यायचा. तेवढं केलं की बिलाच्या वेळी वाद उरत नाही.

चांगल्या व्यापाऱ्यांचा एक आक्षेप रास्त असतो. ते म्हणतात, ‘माझा भाव तुम्ही दुसऱ्याला दाखवून त्याच्याकडून दोन रुपये कमी करून घेणार.’ असं एकदा झालं की पुढच्या महिन्यापासून तो फुगवलेले भाव देतो, आणि तक्ता कितीही नीटनेटका असला तरी त्यात खरं काही उरत नाही. शिवाय मासिक गरज सांगितली नाही तर समोरचा सावध भाव देतो. 300 किलो तेल उचलणारं गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर तोच माणूस डब्यामागे वीस-तीस रुपये सोडायला तयार होतो. I रकान्यातली तारीखही अशीच दोन्ही बाजूंच्या सोयीची. तेलाचा भाव महिनाभर धरून ठेवायला सांगितलं तर व्यापारी जोखीम भावात मिसळतो, म्हणून तेलाचे दर आठवड्याला आणि मीठ-मसाल्याचे तीन महिन्यांनी मागवलेले बरे.

डाळ शिजते कशी, हे मात्र कोणत्याच रकान्यात मावत नाही. म्हणून तूरडाळ, तांदूळ आणि चहा या तिन्हींचा पाव-पाव किलो नमुना तक्त्यासोबतच मागवावा, पुडीवर फक्त वस्तू क्रमांक आणि एक खूण घालावी, आणि दर न सांगता स्वयंपाकघरात शिजवायला द्यावा. मावशींनी नापसंत केलेली खूण यादीतून काढायची आणि उरलेल्यांत किलोचा पडता भाव बघायचा.