बाळ दूध टाकतं तेव्हा

असं एक घर डोळ्यांसमोर आणू. अडीच महिन्यांची मुलगी, फक्त आईच्या दुधावर असलेली. पाजून झालं की आई तिला खांद्यावर घेते, पाठीवरून हात फिरवते, ढेकर येते आणि ढेकरेमागोमाग कोमट दुधाची धार आईच्या पदरावर ओघळते. दिवसातून पाच-सहा वेळा हेच. दोरीवर दुपटी आणि लाळेरी वाळत असतात आणि घरात रोज नवा तर्क निघतो. कुणी म्हणतं, आईच्या खाण्यात काहीतरी वातूळ आलं. कुणाला वाटतं, दृष्ट लागली. कधी दूध दह्यासारखं फुटून बाहेर येतं, त्याला आंबूस वास असतो. मग आजीला शंका येते, की आईचं दूधच बाधतंय, वरचं सुरू करावं का?

मुलगी मात्र तोंड पुसून झालं की हसते आणि मूठ चोखायला लागते.

हे दूध वर का येतं, ते समजायला अन्ननलिका आणि जठर जिथे जोडले जातात ती जागा पाहावी लागते. तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते उघडतं आणि मग मिटतं. पण गिळणं चालू नसतानाही ते अधूनमधून काही सेकंदांसाठी सैल पडतं. जठर फुगून ताणलं गेलं, की हे जास्त वेळा होतं. मोठ्या माणसाचंही होतं. आपली ढेकर त्याच वाटेने बाहेर येते. फरक इतकाच, की आपण उभे किंवा बसलेले असतो, त्यामुळे जठरात हवा वर आणि अन्न खाली असतं. बाळ दिवसातला बहुतेक वेळ उताणं पडलेलं असतं, तेव्हा पातळ दूध त्या तोंडाशीच साचतं. कडं सैल पडलं की हवेसोबत दूधही निघतं. त्यात बाळाची अन्ननलिका आखूड, म्हणजे तोंडापर्यंतचं अंतर थोडंच.

शिवाय दुधाचं प्रमाण पाहा. या वयात बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं. त्याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज नऊ लिटर दूध प्यावं लागेल! एवढ्याशा जठरात इतकं पातळ अन्न दर दोन-तीन तासांनी ओतलं जातं. त्यातलं थोडं परत येणारच.

दह्यासारख्या फुटलेल्या दुधाचं कारणही साधं आहे. दूध जठरात थोडा वेळ राहिलं, की तिथल्या आम्लाने आणि पाचकरसाने ते फुटतं. लगेच आलं तर पांढरं आणि पातळ, अर्ध्या तासाने आलं तर गुठळ्यांचं. पचन सुरू झाल्याची ती खूण आहे. आईचं दूध नासल्याची नव्हे.

आता त्या घरातला हिशेब मांडू. लसीकरणाच्या कार्डावर वजनं लिहिलेली आहेत. सहा आठवड्यांच्या लशीच्या दिवशी ३ किलो ७०० ग्रॅम, दहा आठवड्यांच्या दिवशी ४ किलो ५४० ग्रॅम. म्हणजे २८ दिवसांत ८४० ग्रॅम, रोजचे ३० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. दिवसाला सहाहून जास्त लंगोट शूने ओले होतात. बाळ आवडीने पितं, दूध टाकताना कळवळत नाही. हे सगळं असेल, तर तो साधा रिफ्लक्स. आजार नाही.

तरीही दुपट्यावरचा डाग मोठा दिसतो आणि बाळाच्या पोटात काही उरलंच नाही असं वाटतं. हे घरीच पडताळता येतं. चहाचे दोन लहान चमचे दूध, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर, एका सुती दुपट्यावर ओतावं. ते पसरत जातं आणि डाग बघता बघता तळहाताहून मोठा होतो. खरा हिशेब डागाचा नाही, वजनकाट्याचा.

अशी बाळं किती असतात? अमेरिकेत शिकागो परिसरातल्या ९४८ बाळांच्या पालकांकडे केलेली एक पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. चार महिन्यांच्या बाळांत हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं होतं आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत फक्त ५ टक्के उरलं होतं. चौथ्या महिन्यात त्रास वाढलेला पाहून घाबरलेल्या आईला हे नक्की सांगायला हवं, की बहुतेक बाळांत तो चढ तात्पुरता असतो. बाळ बसू लागतं, घट्ट अन्न खाऊ लागतं आणि दूध टाकणं आपोआप मागे पडतं.

तोवर करण्यासारखं थोडंच आहे. पाजण्याच्या मध्ये आणि शेवटी ढेकर काढावी, नंतर वीसेक मिनिटं बाळाला उभं धरावं. पोट भरल्यावर मालीश नको, पायांवर घेऊन अंघोळही नको. ते पाजण्याआधी उरकावं. वरचं दूध असेल तर एका वेळी थोडं आणि जास्त वेळा द्यावं. अंगावरचं दूध मात्र या कारणासाठी तोडू नये. चांगलं वाढणाऱ्या बाळाचं आईचं दूध केवळ डागांच्या भीतीने बंद होणं, हे या साध्या रिफ्लक्समुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान आहे. आम्ल कमी करणारी औषधंही मागू नयेत. त्यांनी दूध वर येणं थांबत नाही. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या बालपचनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या मार्गदर्शनात अशा सुदृढ बाळांना ती देऊ नयेत, असंच सांगितलं आहे.

आणि झोपवताना बाळ उताणंच हवं. दूध घशात अडकेल म्हणून त्याला पालथं किंवा कुशीवर झोपवण्याचा मोह होतो. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, म्हणून वर आलेलं दूध सहजासहजी तिच्यात शिरत नाही. पालथं झोपवल्याने मात्र झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो.

काही खुणा मात्र साध्या नाहीत. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक वेळी जोरात, लांब फेकली जाणारी उलटी होते, उलटी झाली की ते पुन्हा भुकेने रडतं आणि वजन उतरू लागतं. अशा वेळी जठरातून आतड्याकडे जाणारी वाट अरुंद झालेली असू शकते. हे लहानशा शस्त्रक्रियेने बरं होतं, पण वेळ घालवून चालत नाही. शीतून रक्त आणि अंगावर खाजरं पुरळ असेल, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी तपासावी लागते. सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच दूध टाकणं सुरू झालं, ताप आला, टाळू फुगली, बाळ मलूल पडलं, किंवा शू कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

सगळ्यात आधी रंग पाहावा. पांढरं किंवा दह्यासारखं दूध घाबरण्यासारखं नाही. उलटी हिरवी असेल तर पित्त वर आलेलं असतं आणि आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. तो डाग पडलेलं दुपटं सोबत घ्या आणि बाळाला थेट रुग्णालयात न्या.